काउन्सेलरच्या पोस्टसाठी रेझ्युमे तपासून घेतला, तो माझा अनुभव

मी काउन्सेलिंग सायकॉलॉजीमध्ये एमए केलंय, पुण्यात एका कॉलेजमध्ये काउन्सेलर म्हणून काम करत होते आणि मागच्या वर्षी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या किशोरवयीन मुलांच्या सेंटरमध्ये अर्ज केला. जाहिरातीत लिहिलं होतं की काउन्सेलर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पाहिजे, आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असल्यास प्राधान्य, किमान 300 सुपरवाइज्ड तास, सीबीटी किंवा आरईबीटी या विचार बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपी येणं गरजेचं, 13 ते 19 वयोगट आणि पालकांसोबत कामाचा अनुभव, सेल्फ-हार्मच्या, म्हणजे स्वतःला इजा करून घेण्याच्या केसेस हाताळलेल्या असाव्यात. अर्ज पाठवायच्या आधी मी माझ्या जुन्या सुपरवायझर मॅडमना रेझ्युमे दाखवला. त्या स्वतः आरसीआय रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत आणि त्यांच्या हॉस्पिटलच्या भरतीत असे अर्ज वाचत असतात.

मॅडमनी जाहिरातीची प्रिंट काढली, प्रत्येक अपेक्षेखाली पेनानं रेघ मारली आणि मग माझ्या रेझ्युमेकडे बोट दाखवून विचारायला लागल्या, "हे कुठंय? आणि हे?" म्हणजे माझा रेझ्युमे चांगला की वाईट हे त्या बघतच नव्हत्या, तर वाचणाऱ्याला एका मिनिटात उत्तर सापडतंय का एवढंच बघत होत्या.

सगळ्यात आधी लायसन्स. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं, त्याला सीआरआर नंबर असतो, आणि त्यासाठी आरसीआयची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा कोर्स, आतापर्यंत बहुतेकांच्या बाबतीत दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल, झालेला असावा लागतो. 1992 च्या आरसीआय कायद्यात रजिस्ट्रेशनशिवाय असं काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. माझ्यासारख्या काउन्सेलिंगच्या नुसत्या एमएवर हे रजिस्ट्रेशन मिळत नाही. मॅडम म्हणाल्या की एमएवाले बरेच जण ही जागा रिकामी सोडतात किंवा कुठल्यातरी असोसिएशनची मेंबरशिप लायसन्ससारखी लिहून टाकतात, आणि तिथंच त्यांचा अर्ज बाजूला जातो, कारण वाचणारी व्यक्ती बहुधा स्वतः रजिस्टर्ड असते. म्हणून आम्ही सरळ लिहिलं : काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट, एमए, आरसीआय रजिस्ट्रेशन नाही, निदान आणि सायकॉलॉजिकल टेस्टिंगसाठी रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे रेफर करते. मला आधी धाकधूक होती की "नाही" हा शब्द रेझ्युमेत लिहायचा कसा, पण जाहिरातीत "प्राधान्य" आहे, "आवश्यक" नाही, आणि रेफर करते हे लिहिल्यामुळे मला माझी हद्द माहितीये हे समोरच्याला कळतं. तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर नंबरसोबत ते कधीपर्यंत व्हॅलिड आहे तेही लिहा, ते दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि नुसता नंबर पाहून ते चालू आहे की संपलंय हे कळत नाही.

खरा वेळ गेला तो तासांमध्ये. "300 सुपरवाइज्ड तास" याचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे सुपरव्हिजनखाली क्लायंटसोबत केलेले थेरपीचे तास आणि दुसरा म्हणजे सुपरवायझरसमोर बसून केसेसवर चर्चा केलेले तास. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मॅडमनी सांगितलं की अंदाज बांधत बसू नकोस, विचार. मी एचआरला मेल टाकला, उत्तर आलं की थेरपीचे तास धरा आणि सुपरवायझरचं पत्र जोडा.

मग लॉगबुक काढलं. कॉलेजमधले एकूण 520 तास नोंदवलेले होते. मॅडमनी त्यातून वर्गात घेतलेले वर्कशॉप आणि ओरिएंटेशनचे 74 तास काढायला लावले, ती थेरपी नाही, उरले 446. विद्यार्थी आलाच नाही पण वेळ राखून ठेवली होती असे 38 गेले, राहिले 408. मधल्या काळात कॉलेजचे सुपरवायझर सोडून गेले होते आणि नवीन नेमणूक व्हायची होती, त्या काळातल्या सेशन्सचे 61 तास पण काढले, कारण थेरपी झाली असली तरी ती सुपरवाइज्ड नव्हती. हातात राहिले 347. रेझ्युमेत लिहिलं, सुपरव्हिजनखाली वैयक्तिक थेरपी 347 तास, आणि त्याच्याखाली वेगळी ओळ, सुपरव्हिजन 46 तास, त्यात ग्रुपमध्ये 30, वैयक्तिक 16. एमएच्या इंटर्नशिपचे तास ट्रेनी म्हणून वेगळे दाखवले, यात मिसळले नाहीत. 520 चे 347 झाले म्हणून वाईट वाटायचं काही कारण नाही, जे पत्रात येईल तेच रेझ्युमेत पाहिजे, पत्रात 347 आणि रेझ्युमेत 520 दिसलं तर बाकीच्या ओळींवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही.

थेरपीच्या नावांची यादी माझ्याकडे मोठी होती, सीबीटी, आरईबीटी, डीबीटी, आर्ट थेरपी, माइंडफुलनेस. मॅडमनी प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारला, "ही वापरून तू किती क्लायंट पाहिलेस आणि ते काम कोणी तपासलं?" आरईबीटीचं उत्तर माझ्याकडे भक्कम होतं. आपल्याकडे कि. मो. फडके सरांच्या कामामुळे आरईबीटी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी प्रायमरी लेव्हलचा कोर्स केलाय आणि परीक्षेची भीती, ब्रेकअप, घरच्यांच्या अपेक्षा अशा केसेसमध्ये तीच वापरते. सीबीटीचं पण होतं. डीबीटीचं माझं फक्त दोन दिवसांचं वर्कशॉप झालं होतं, ते "थेरपी पद्धती"मधून उचलून "ट्रेनिंग"मध्ये दिवसांसकट टाकलं. पद्धतीसोबत कुणासाठी वापरली तेही लिहिलं, आणि नाव पूर्ण आणि संक्षिप्त दोन्ही दिलं, कारण पहिली चाळणी एचआरची असते आणि ते जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा शोधतात.

वयोगटात एक अडचण होती, कॉलेज म्हणजे माझे विद्यार्थी 16 ते 21. जाहिरातीत 13 पासून. मी 16 ते 19 वेगळं काढून लिहिलं आणि 13 ते 15 साठी इंटर्नशिपमधल्या शाळेचा अनुभव दिला, ट्रेनी म्हणूनच. सेल्फ-हार्मबद्दल मॅडम फार काटेकोर होत्या, केसचं वर्णन अजिबात नको, लहान कॉलेजात दोन ओळींवरून मूल ओळखू येतं. फक्त काम काय केलं ते लिहिलं : रिस्क असेसमेंट, सेफ्टी प्लॅन, पालकांना सोबत घेणं, सायकिअट्रिस्टकडे रेफरल.

मुलाखतीत पॅनलनं पहिल्यांदा सुपरवायझरचं पत्रच उघडलं आणि 61 तासांच्या काळात तू काय केलंस असं विचारलं, कारण पत्रातल्या तारखांत तेवढी फट दिसत होती. मी सांगितलं की त्या काळात रिस्क असलेल्या केसेस मी स्वतःकडे ठेवल्या नाहीत, बाहेर पाठवल्या. मग आरईबीटीचं घटना-समज-परिणाम असं एबीसी मॉडेल एका काल्पनिक मुलीवर लावून दाखवायला सांगितलं, दहावीत 92 टक्के मिळालेत आणि ती म्हणतेय की मी फेल झाले. मी सांगितलं, 92 टक्के ही घटना, "मला 95 मिळायलाच हवे होते, नाही मिळाले म्हणजे मी कुचकामी" हा समज, आणि खोलीतून बाहेर न येणं हा परिणाम, आणि काम मधल्या समजावर करायचं, मार्कांवर नाही.

पोस्ट मिळाली, काउन्सेलर म्हणून, पगार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या ग्रेडपेक्षा कमी. टेस्टिंगचे रिपोर्ट तिथल्या रजिस्टर्ड सहकारी करतात आणि त्यावर सहीही त्यांचीच असते. दर आठवड्याला एक तास वैयक्तिक सुपरव्हिजन मिळतं, आणि मी लॉगबुकमध्ये आता सुपरव्हिजनखालचे, नसलेले आणि रद्द झालेले तास असे वेगवेगळे रकाने पाडलेत.