हिरवी खूण मिळालेला ठराव

विदर्भातल्या एका नगरपरिषदेने आपल्या सर्वसाधारण सभांचे ठराव कायमच्या जतनासाठी पीडीएफ/ए स्वरूपात करून घेतले होते. रूपांतराचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे होतं. काम ताब्यात घेण्याआधी फायली तपासून देण्यासाठी मला बोलावलं होतं. ठराव दोन प्रकारचे होते. जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे संगणक आल्यानंतर कार्यालयातच टाइप झालेले आणि त्याच वेळी साध्या पीडीएफमध्ये साठवलेले ठराव. ज्या दिवसाबद्दल लिहितेय, त्या दिवशी घोळ निघाला तो या दुसऱ्या प्रकारात.

सकाळी कंत्राटदाराच्या अभियंत्याने एकेक फाईल उघडून दाखवायला सुरुवात केली. पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पानाच्या वर निळी पट्टी यायची. ही फाईल पीडीएफ/ए मानकाशी सुसंगत असल्याचा दावा करते, म्हणून ती फक्त वाचण्यासाठी उघडली आहे, असा त्या पट्टीवरचा मजकूर असतो. पट्टी दिसली की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. पण ती येते फाईलमधल्या माहितीच्या दोन नोंदींवरून. `pdfaid:part` मध्ये मानकाचा भाग लिहिलेला असतो आणि `pdfaid:conformance` मध्ये पातळी. या दोन नोंदी कुठल्याही फाईलमध्ये घालता येतात. दावा खरा की खोटा, हे पट्टी तपासत नाही. त्यासाठी पडताळणीचं वेगळं साधन लागतं. मी veraPDF वापरते. ते मुक्त स्रोत आहे आणि मानकातल्या कलमानुसार एकेक नियम तपासतं. खालच्या आज्ञेतलं `2b` म्हणजे मानकाचा दुसरा भाग आणि बी पातळी.

```
verapdf --flavour 2b --format text --recurse tharav/
```

सगळ्या फायलींपुढे `PASS` आलं. अभियंता खूश झाला, आणि त्याने तसं व्हायला हरकतही नव्हती.

या `PASS` मध्ये नेमकं काय तपासलं गेलं, ते सांगते. साधी पीडीएफ पुष्कळदा बाहेरच्या गोष्टींवर विसंबून असते. फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकात असेल, रंग कसे दाखवायचे ते त्याचा पडदा ठरवेल, असं ती गृहीत धरते. वीस वर्षांनी तो संगणक नसतो. म्हणून पीडीएफ/एची मुख्य अट अशी, की पान दाखवायला लागणारं सगळं फाईलच्या आतच हवं. पडताळणीत बघितलं जातं ते हेच. प्रत्येक फॉन्ट आत भरलेला आहे का, फाईलमध्ये लिहिलेली अक्षरांची रुंदी आणि फॉन्टमधली रुंदी जुळते का, रंगांना निश्चित अर्थ देणारं प्रोफाइल आहे का. शिवाय फाईलला पासवर्ड किंवा कूटबद्धीकरण नको आणि आत जावास्क्रिप्टही चालत नाही.

माझ्याशेजारी अभिलेखपाल बसले होते. निवृत्तीला आलेले, आणि यातले बरेचसे ठराव त्यांच्या हातून गेलेले. ते म्हणाले, "मॅडम, पाणीपट्टीवाढीचा तो ठराव उघडा बरं. त्यावर कोर्टात केस झाली होती, म्हणून मला तो ओळन् ओळ माहीत आहे."

फाईल उघडली. निळी पट्टी होती, पानाची मांडणी सुबक होती आणि तक्त्यातले रकमेचे आकडे जागच्या जागी बरोबर होते. मथळ्याच्या जागी मात्र `uxjifj"kn` होतं आणि खाली ठराव क्रमांकाच्या आधी `Bjko`. त्यापुढचं अख्खं पान तसंच, इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

कृतिदेव फॉन्टमध्ये काम केलेल्यांना हे वाचता येतं. `u` म्हणजे न, `x` म्हणजे ग, `j` म्हणजे र. `uxjifj"kn` म्हणजे नगरपरिषद आणि `Bjko` म्हणजे ठराव. युनिकोड रुळण्याआधीच्या या फॉन्टमध्ये फाईलमध्ये साठवलं जातं इंग्रजी अक्षर आणि त्याच्या जागी चित्र असतं देवनागरीचं. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. तो गेला की मागे फक्त इंग्रजी अक्षरं उरतात. आकडे शाबूत राहिले ते एवढ्यासाठीच, की तक्ता साध्या इंग्रजी अंकांत टाइप केला होता. वरवर चाळणाऱ्याची फसगत होते ती तिथेच, कारण तपासणाऱ्याची नजर आधी आकड्यांवर जाते.

मग मी मूळ पीडीएफ आणि रूपांतरित फाईल या दोन्हींवर फाईलमधल्या फॉन्टची यादी देणारं `pdffonts` चालवलं. महत्त्वाचे रकाने तेवढे देते:

```
name               type      encoding  emb
KrutiDev010        TrueType  WinAnsi   no
BCDEEE+ArialMT     TrueType  WinAnsi   yes
```

पहिली ओळ मूळ फाईलची, दुसरी रूपांतरित फाईलची. पहिलीत `emb` खाली `no` आहे, म्हणजे तेव्हा पीडीएफ बनवताना फॉन्ट आत भरलाच नव्हता. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर कृतिदेव होता, त्यामुळे कुणाला कधी अडचण आली नाही. कंत्राटदाराच्या संगणकावर तो नव्हता. रूपांतर करणाऱ्या साधनाला मानकाप्रमाणे कुठला तरी फॉन्ट आत भरणं भाग होतं, म्हणून त्याने एरियल घेतला, तो भरला आणि रुंदीच्या नोंदीही एरियलप्रमाणे बदलून टाकल्या. आता फॉन्ट आत आहे, रुंदी जुळते, रंग ठीक आहेत. नियम एकही मोडलेला नाही, त्यामुळे veraPDFचं `PASS` अगदी बरोबर होतं. आणि ठराव गेलेला होता.

अभियंता म्हणाला, "मॅडम, २बी ही खालची पातळी आहे. २यू लावून बघूया, त्यात मजकूर युनिकोडमध्ये लागतो." विचार योग्य होता. बी पातळी फक्त दिसण्याची हमी मागते. यू पातळीत त्याशिवाय प्रत्येक अक्षराला युनिकोड संकेत मिळायला हवा, म्हणजे मजकूर शोधता आणि उचलता यावा. आम्ही त्याच फाईलच्या `pdfaid:conformance` मध्ये `U` लिहून ती २यूने तपासली, तर तिथेही `PASS`. कारण `u` या अक्षराला युनिकोडमधला `u` मिळत होता. तो खरा `न` होता हे साधनाला कळायला मार्गच नाही. पडताळणीत संकेत आहे की नाही हे तपासलं जातं, तो योग्य आहे की नाही हे नाही. अगदी शुद्ध युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठीतही याची मर्यादा दिसते. ऱ्हस्व वेलांटी पानावर व्यंजनाच्या आधी काढली जाते, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. काही साधनं मजकूर उचलताना पानावरचाच क्रम घेतात, तरीही प्रत्येक चिन्हाला संकेत असल्याने फाईल २यूमध्ये उत्तीर्ण होते.

दुपारी मुख्याधिकाऱ्यांसमोर बैठक झाली. कंत्राटदाराचं म्हणणं होतं, की करारात "पडताळणीत उत्तीर्ण पीडीएफ/ए" एवढंच लिहिलंय आणि ते आम्ही दिलंय. शब्दशः ते खरंही होतं. मी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ पुढे ठेवलं. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंद जपायची तर ती पुढे वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. आणि मूळ स्वरूप बदलायचं असेल, तर नव्या स्वरूपात मूळ माहिती अचूक उतरली आहे हे दाखवून देता आलं पाहिजे, असं ते कलम सांगतं. पीडीएफ/ए घेतल्याने पहिल्या अटीला मोठा आधार मिळतो. दुसरीसाठी मूळ पान आणि नवं पान शेजारी ठेवून बघण्याला पर्याय नाही.

त्याच बैठकीत स्वरूपाची निवडही पुन्हा तपासली. पहिला भाग, म्हणजे २००५ चा पीडीएफ/ए-१, सगळ्यांत जुना आणि कडक. पण त्यात पारदर्शकता चालत नाही आणि या ठरावांवर शिक्क्याची पारदर्शक प्रतिमा ठेवलेली होती. रूपांतरात ती सपाट करावी लागली असती, म्हणजे पानात आणखी एक बदल. २०१२ चा तिसरा भाग अभियंत्याला हवा होता, कारण त्यात कुठलीही फाईल जोडता येते, मग मूळ पीडीएफ आतच राहील. मला ते पटलं नाही. मानक हमी देतं ती दिसणाऱ्या पानाची. आत जोडलेली फाईल उद्या उघडेल की नाही, याची जबाबदारी तिथे कुणीच घेत नाही. आणि इथे मूळ फाईल फॉन्टशिवाय निरुपयोगी होती, हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं. मूळ फायली स्वतंत्र ठेवा, पुढे त्यांत बदल झाला तर कळावा म्हणून त्यांचे चेकसम नोंदवा आणि जतनासाठी २०११ चा दुसरा भाग घ्या, असं मी सुचवलं आणि तेच ठरलं.

पातळीबद्दल मात्र मी अडून बसले. कृतिदेवातल्या ठरावांना २बीच लावायची. तांत्रिकदृष्ट्या ते २यूमध्ये बसतात, पण २यूची नोंद पाहून पुढचा माणूस या फायलींत "पाणीपट्टी" शोधेल आणि त्याला काही सापडणार नाही. ठराव नाही असा निष्कर्ष तो काढेल. फाईलने आपल्याबद्दल तेवढंच सांगावं जेवढं खरं आहे. शोधासाठी विषय, तारीख आणि ठराव क्रमांक यांची युनिकोड सूची वेगळी करायची ठरली.

संध्याकाळी अभिलेखपालांनी आस्थापना शाखेतल्या निवृत्त लिपिकांना फोन लावला. "काका, तुमचा जुना संगणक अजून चालतो का?" चालत होता, आणि त्यात फॉन्टही होते. कृतिदेवाशिवाय काही वर्षांचं काम दुसऱ्याच फॉन्टमध्ये झालेलं निघालं. त्याची अक्षरजुळणी कृतिदेवाहून वेगळी, म्हणजे एकाच्या जागी दुसरा चालणार नव्हता. म्हणून रूपांतराचा नवा क्रम लिहून दिला. आधी मूळ फाईलवर `pdffonts`. `emb` खाली `no` दिसलं तर फाईल बाजूला काढायची, तो नेमका फॉन्ट संगणकावर चढवायचा आणि मगच रूपांतर करायचं. नंतर veraPDF. त्यानंतर रूपांतरित फाईलवर पुन्हा `pdffonts`. मराठी ठरावात फक्त एरियल किंवा टाइम्स दिसला आणि पान स्कॅन केलेलं नसेल, तर ती फाईल `PASS` असली तरी परत पाठवायची. ही शेवटची चाळणी आम्ही त्याच संध्याकाळी जुन्या फायलींवर लावली. पाणीपट्टीचा ठराव एकटा नव्हता, अशा फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर आले.

स्कॅनच्या फायलींसाठीही एक अट वाढवली. जेबिग२ या पद्धतीने प्रतिमा लहान करताना सारखी दिसणारी अक्षरं एकाच नमुन्याने बदलली जाऊ शकतात. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिसेल यांनी झेरॉक्सच्या यंत्रांत यामुळे ६ चा ८ होत असल्याचं दाखवून दिलं होतं. पीडीएफ/एला जेबिग२ चालतं, त्यामुळे पडताळणीत हे कधीच अडकणार नाही. ठरावांत रकमा आहेत, तेव्हा ती पद्धत वापरायचीच नाही असं लिहून घेतलं.

थोड्या फायली अशा उरल्या, ज्यांचा फॉन्ट काकांच्या संगणकातही नव्हता. त्यांच्यासाठी अभिलेख कक्षातून सही-शिक्क्याच्या कागदी प्रती काढल्या आणि त्या स्कॅन करून घेण्याचं ठरलं. मूळ फाईल कोणती आणि तिच्याऐवजी कागद का घेतला, याची नोंद प्रत्येक फाईलच्या माहितीत घातली.