स्ट्रेस टेस्टमधल्या त्या एका खोक्याने माझे नऊ दिवस खाल्ले

आधीच सांगते, स्ट्रेस टेस्ट, म्हणजे बाजार एकदम कोसळला तर आपलं किती जाईल हे आधीच काढून बघणं, काही अवघड नसते, शेअरचा भाग तर पाच मिनिटांत होतो. माझे शेअर दहा लाखांचे, बीटा 1.1, म्हणजे इंडेक्स 1% हलला की ते 1.1% हलतात, तर इंडेक्स एका झटक्यात 15% पडला तर साधारण 1,65,000 गेले, झालं. डोकं खाल्लं ते मी विकलेल्या पुटांनी.

इंडेक्स 10,000 ला होता आणि मी 9,000 चे पुट विकले होते, म्हणजे इंडेक्स 9,000 च्या खाली गेला तर फरक मी भरायचा, 30 दिवसांचे, 200 युनिट, आयव्ही, म्हणजे पुटच्या भावात धरलेली वार्षिक व्होलॅटिलिटी, 20%, प्रीमियम 7. म्हणजे हातात आले 1,400. फुकटचे पैसे असं वाटायचं तेव्हा.

सुरुवातीला स्क्रीनवरचे ग्रीक्सच गुणले, इंडेक्स 1 पॉइंट हलला की पुट किती हलतो तो डेल्टा, आयव्ही 1 पॉइंट हलला की किती हलतो तो वेगा. डेल्टा 0.031 म्हणजे 1,500 पॉइंटच्या पडझडीत 46, वेगा 2 म्हणजे आयव्ही 30 पॉइंट उडाला तर 60, एकूण 106 प्रति युनिट, काय मोठंसं, असं म्हणून निवांत झाले. पण हे आकडे आत्ताच्या भावाजवळचे असतात, इंडेक्स पार 8,500 ला गेला की लागू राहतच नाहीत. डेल्टा स्वतः किती बदलतो तो गॅमा घेऊनसुद्धा 243 च्या आसपासच येतं. पुटची किंमत नव्या भावाला नव्याने काढावी लागते, दुसरा इलाज नाही.

मग ब्रोकरच्या टूलमध्ये गेले, इंडेक्स −15% केला, पुट 7 वरून 542. बापरे! आता आयव्हीच्या खोक्यात +30% टाकलं, 583. नुसता 41 चा फरक. अडकले ते इथे. व्होलॅटिलिटी एवढी भडकल्यावर फक्त 41? सपोर्टला लिहिलं तर "टूल बरोबर चालतंय मॅडम", दोन दिवसांनी पुन्हा तेच, फोन केला तर म्हणे तिकीट वरच्या टीमकडे पाठवलंय. नऊ दिवस हेच.

शेवटी वैतागून शीटमध्ये स्वतःच किंमत काढली. व्याज शून्य धरलं, B1 मध्ये इंडेक्स, B2 स्ट्राइक, B3 आयव्ही, B4 मध्ये दिवस भागिले 365, आणि B5, B6, B7 मध्ये हे:

```
=(LN(B1/B2)+B3^2*B4/2)/(B3*SQRT(B4))
=B5-B3*SQRT(B4)
=B2*NORM.S.DIST(-B6,TRUE)-B1*NORM.S.DIST(-B5,TRUE)
```

B1 मध्ये 8,500 आणि B3 मध्ये 0.50 टाकल्यावर 789 आलं. मग सहज 0.26 टाकून बघितलं तर 583, बरोब्बर टूलचाच आकडा! म्हणजे त्यांचं +30% म्हणजे 20 चे 26, 20 चे 50 नाही. टक्क्याचा टक्का. इतका राग आला ना, एक ओळ लिहायला काय जात होतं त्या खोक्याखाली.

कुठलंही टूल असो, आधी ही परीक्षा घ्या: भाव तसाच ठेवून आयव्ही 1 ने वाढवा, किंमत वेगाइतकी वाढली पाहिजे. माझी 2 ने वाढायला हवी होती, वाढली 0.4. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं.

आणि हो, दोन्ही झटके एकत्रच द्या. नुसती पडझड धरली तर नुकसान 535, नुसता आयव्ही धरला तर 176, बेरीज 711, पण एकत्र दिल्यावर 782 निघतं. 200 युनिटला 1,56,400. म्हणजे 1,400 च्या प्रीमियमसाठी मी शेअरइतकंच दुसरं नुकसान अंगावर घेऊन बसले होते, एकूण 3,21,400, दहा लाखांतले 32%.

50% आयव्ही जास्त वाटत असेल तर 16 मार्च 2020 बघा, एस अँड पी 500 च्या ऑप्शन्सवरून काढलेला व्होलॅटिलिटीचा निर्देशांक व्हीआयएक्स 82.69 ला बंद झाला आणि एस अँड पी 500 त्या एका दिवसात सुमारे 12% पडला. 19 ऑक्टोबर 1987 ला डाऊ 22.6% पडला होता. फक्त व्हीआयएक्सचा आकडा उचलून जसाच्या तसा आपल्या स्ट्राइकला चिकटवू नका, प्रत्येक स्ट्राइकचा आयव्ही वेगळा असतो आणि लांबच्या एक्स्पायरीचा सहसा कमी उडतो.

बीटा 1.1 पण शांत दिवसांतला, पडझडीत सगळे शेअर एकत्रच खाली येतात, म्हणून मी 1.3 धरूनही काढलं, शेअरचे 1,95,000. आणि एक राहिलंच, मार्जिन, म्हणजे विकलेल्या पुटांसाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी हमीची रक्कम. शेअर तारण ठेवलेले असतील तर तारण आणि पुट एकाच दिवशी उलटतात, एक्स्पायरीला इंडेक्स परत 9,000 वर येईलही, पण पैसे आजच भरावे लागतात. त्यामुळे शेवटच्या ओळीत नुकसानाशेजारी हातातली रोकड लिहा.

मी पुट 50 युनिटवर आणले. आता त्यांचं नुकसान 39,100. तिकिटावर काल उत्तर आलं, "समस्या सोडवली आहे". खोकं अजून तसंच आहे.