मनगटावरच्या दोऱ्यासाठी चार ओळी : माझा अनुभव

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मैत्री दिवस येतो आणि कोल्हापुरात तेव्हा भर पावसाळा असतो. माझ्या जुन्या मैत्रिणीसाठी मी घरीच मनगटाचा दोरा विणला होता आणि त्याला चार खट्याळ ओळींची एक छोटी चिठ्ठी जोडायची असे ठरवले होते. दोरा विणणे सोपे गेले. भरतकामाचा सुती दोरा महाद्वार रोडवरून आणला, तिन्ही पेडांची घट्ट वेणी घातली आणि दोन्ही टोकांना बांधण्यापुरती मोकळी शेपटी ठेवली. खरे काम त्या चार ओळींचे होते आणि ते कसे पार पडले, तेच येथे सांगते.

सुरुवात मी शब्दांपासून न करता कागदापासून केली. दोऱ्याला लटकणारी चिठ्ठी पाच सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद यापेक्षा मोठी झाली, तर ती हाताला अडते आणि दोरा झाकून टाकते. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो, त्यामुळे हाताने लिहिताना एका ओळीला साधारण सहा मिलिमीटर उंची द्यावी लागते. चार ओळींचे चोवीस मिलिमीटर झाले की वर-खाली थोडीच जागा उरते. लांबीचा हिशेब केला, तर एका बाजूला दोरा ओवायचे छिद्र सोडून सुवाच्य अक्षरांत आठ-नऊ अक्षरेच बसतात. म्हणून मी अष्टाक्षरी निवडली. अष्टाक्षरीत लघु-गुरूच्या मात्रा मोजाव्या लागत नाहीत, प्रत्येक ओळीत आठ अक्षरे असली की झाले. जोडाक्षर एकच धरायचे आणि अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला जुळले, तरी कान तृप्त होतो.

पहिला मसुदा सहज उतरला, पण तो कोणाच्याही हातावर बांधता आला असता. ‘दोस्ती’ला ‘मस्ती’ जोडली की दोन ओळी आपोआप तयार होतात, मात्र त्यात माझी मैत्रीण कुठेच दिसत नाही. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तो मसुदा वाचून म्हणाली, “काकू, हे राखीला पण चालतंय की.” तिचे म्हणणे अगदी नेमके होते. राखी पौर्णिमाही याच दिवसांत येते आणि हातात दोरा असला, की ‘बंधन’, ‘नाते’, ‘जन्मोजन्मी’ हे शब्द लेखणीत आपसूक उतरतात. त्या शब्दांनी चारोळी गंभीर होते आणि खट्याळपणा निघून जातो. ते सगळे शब्द मी बाजूला ठेवले आणि फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक असलेली एक गोष्ट शोधू लागले.

ती गोष्ट म्हणजे माझी छत्री. रंकाळ्यावर फिरायला गेलो असताना पावसाने गाठले म्हणून ती माझी छत्री घेऊन घरी गेली आणि ती छत्री अजून तिच्याच दारामागे लटकलेली आहे. चेष्टेसाठी असा विषय उत्तम, कारण त्यात उसनवारी आहे, पण कोणाचे मन दुखेल असे काही नाही. उसने पैसे, रंगरूप, वजन किंवा घरची अडचण यांवर चार ओळींत केलेली चेष्टा टोचते, कारण तिला सावरून घ्यायला पाचवी ओळच नसते.

पहिली ओळ लगेच सुचली : ‘छत्री माझी तुझ्या घरी’. मोजली, तर बरोबर आठ अक्षरे. दुसऱ्या ओळीत आधी मी वर्षांचा नेमका आकडा घातला होता, पण आकडा आला की ओळ हिशेबाच्या वहीतली वाटू लागते. ‘किती’ म्हटले की तक्रारीत लाड मिसळतो. म्हणून ‘किती पावसाळे झाले’ अशी ओळ पक्की केली. आता शेवटी ‘आले’ आणता येईल हेही दिसले. ‘झाले’ला ‘बांधले’ जोडता आले असते, परंतु तेथे केवळ ‘ले’ जुळतो आणि त्याआधीचा स्वर जुळत नाही, त्यामुळे मोठ्याने वाचताना यमक लंगडते. ‘झाले’ आणि ‘आले’ यांत ‘आ’ आणि ‘ले’ दोन्ही जुळतात.

तक्रार दोन ओळींत पूर्ण झाली होती. उरलेल्या दोन ओळींत दोरा यायलाच हवा होता, नाही तर चिठ्ठी दोऱ्याला का बांधली, याचे उत्तर मिळत नाही. मला ‘मनगट’ हा शब्द फार हवासा वाटत होता, पण तो एकटाच चार अक्षरे, म्हणजे अर्धी ओळ खातो. त्याऐवजी ‘हात’ घेतला आणि सहा अक्षरे हाताशी राहिली. छत्री परत मिळेपर्यंत तिचा हातच तारण ठेवायचा, ही कल्पना सुचल्यावर शेवट मिळाला :

छत्री माझी तुझ्या घरी,
किती पावसाळे झाले;
तारण म्हणून आज
हात बांधायला आले!

तिसऱ्या ओळीत काहीच उलगडत नाही, हे मी मुद्दाम ठेवले आहे. ‘तारण’ म्हणजे नेमके काय, हे वाचणाऱ्याला चौथ्या ओळीतच कळते आणि तोवर तिची नजर दोऱ्यावर गेलेली असते. हात आधी सांगितला असता, तर हसू तिसऱ्या ओळीतच संपले असते. ओळी बसल्या की नाही, हे पाहण्यासाठी मी त्या टाळीच्या ठेक्यावर म्हणून पाहिल्या. पहिल्या ओळीत दोन-दोन अक्षरांचे चार तुकडे पडतात, तिसरीत मात्र तीन, तीन आणि दोन. त्या बदलाने जीभ क्षणभर थांबते. येथे ते थांबणे उपयोगीच पडले.

लिहिताना पावसाचा विचार करावा लागला. जेल पेनची शाई ओल्या बोटानेही पसरते, म्हणून साधे बॉलपेन वापरले आणि चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक चिकटपट्टी लावून ती कडेला दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवली, म्हणजे कागदाच्या कडेतून पाणी शिरत नाही. लाल दोरा आधी भिजवून पांढऱ्या रुमालात दाबून पाहिला; रुमालावर गुलाबी छटा उतरली, तर तो दोरा धुऊन वाळवल्याशिवाय वापरू नये, कारण तोच रंग मनगटावर आणि कपड्यांवरही उतरतो. तिसऱ्या ओळीतल्या ‘णू’चा ऊकार खालच्या ओळीच्या शिरोरेषेला टेकू लागला होता, म्हणून त्या दोन ओळींत अंमळ जास्त अंतर सोडले.

चिठ्ठी मी वेणीत विणून टाकली नाही. वेगळ्या बारीक दोऱ्याच्या सरकत्या फासाने ती मोकळ्या शेपटीला अडकवली. त्या रविवारी तिच्या घरी जाऊन मी दोरा बांधला, तिने ओळी मोठ्याने वाचल्या आणि ‘आज’पाशी थांबून माझ्याकडे पाहिले. “तारण ठेवलंस खरं, पण छत्री काय मिळायची नाही बघ,” असे म्हणत तिने फास ओढून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि दोरा हातावर ठेवूनच मिसळ वाढायला घेतली.