तुम्ही विचारलंत म्हणून: अटेम्प्ट, आर्टिकलशिप आणि ते एक पान

"ताई, सीए फायनलला चार अटेम्प्ट लागले. ते रेझ्युमेत दाखवायचे की नाही? आणि आर्टिकलशिपमध्ये सगळंच केलंय, ते एका पानात बसवू कसं?"

दर निकालानंतर हे दोन प्रश्न माझ्याकडे येतात, आणि दर वेळी मी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेते. या वेळी नीट सांगते, कारण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, आणि ते मला फार उशिरा कळलं.

मलाही चारच लागले. सोलापुरातल्या एका लहान फर्ममध्ये माझी आर्टिकलशिप ऑगस्ट 2017 मध्ये संपली. पहिला अटेम्प्ट मे 2017 चा, त्यात दोन्ही ग्रुप गेले. नोव्हेंबरला पहिला ग्रुप निघाला. मे 2018 मध्ये दुसऱ्या ग्रुपच्या चारही पेपरांत चाळिसाच्या वर होते, पण बेरीज 197 भरली. 200 हवे होते. नोव्हेंबर 2018 ला तो ग्रुपही सुटला आणि जानेवारी 2019 मध्ये निकाल लागला.

त्यानंतरचा माझा रेझ्युमे अजून माझ्याकडे आहे. "सीए फायनल, 2018" एवढीच ओळ; ग्रुप नाही, महिना नाही, मार्क नाहीत. त्याखाली आर्टिकलशिपच्या चौदा ओळी: वैधानिक ऑडिट, टॅक्स ऑडिट, व्हॅट ऑडिट, बँक ब्रांच ऑडिट, टीडीएस रिटर्न, कंपनीचे फॉर्म, आणखी बरंच. प्रत्येक ओळीत 'सहाय्य केले'. तेव्हा मला वाटायचं, एकही काम सुटता कामा नये, तीन वर्षं दिली आहेत.

पुण्यातल्या एका कंपनीच्या इंटर्व्ह्यूत समोर तिघे होते. त्यातल्या एका मॅडमनी पेन्सिल हातात घेऊन तारखा वाचल्या. "आर्टिकलशिप ऑगस्ट 17 ला संपली, फायनल 18 मध्ये. मधे काय केलंत?" मी म्हणाले, "अभ्यास." हे अर्धंच खरं होतं. टॅक्स ऑडिटच्या सीझनला मी सरांकडे पगारावर परत जात होते, आणि एप्रिल 2018 मध्ये एका बँक शाखेच्या ऑडिटला मीच पुढे होते. अटेम्प्ट दिसू नयेत म्हणून मी ते पंधरा महिनेच कागदावरून काढून टाकले होते, आणि त्यांच्याबरोबर माझं सगळ्यात जबाबदारीचं कामही गेलं होतं. तिथल्या तिथे ते सांगायला माझं तोंड उघडेना. आधी लपवलेलं आता बाहेर काढलं तर हे बनवून सांगते आहे असं वाटेल, अशी भीती बसली.

मग त्यांनी वैधानिक ऑडिटची ओळ घेतली. "डेटर्सना कन्फर्मेशनची पत्रं किती पाठवलीत? उत्तरं किती आली? न आलेल्यांचं काय केलंत?" ज्यांच्याकडून क्लायंटचं येणं आहे त्यांना पत्र पाठवून बाकी पडताळायचं हे काम दोन वर्षं मी स्वतः केलं होतं. पण रेझ्युमे बनवताना चौदा ओळी भरण्यात मी इतकी गुंतले होते, की एकाही कामाची आठवण ताजी करून बसले नव्हते. मी म्हणाले, "बऱ्याच जणांची आली होती." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पुढचे प्रश्न सौजन्याचे होते. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं परतताना दौंड मागे पडेपर्यंत मला सगळे आकडे आठवले होते: चाळीस पत्रं, तेवीस उत्तरं, सतरा बाकी.

त्याच आठवड्यात मी त्या एका ओळीवर बसले. क्लायंट म्हणजे टेरी टॉवेल बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. नाव लिहायचं नाही, गोपनीयता पाळायची. पण धंदा आणि उलाढालीचा अंदाज लिहायला हरकत नाही, कारण वाचणाऱ्याला कामाचा आकार त्यातूनच कळतो. मग टीम तिघांची आणि माझ्याकडे डेटर्स व साठा. सतरापैकी बारा जणांचे पैसे वर्षअखेरीनंतर बँकेत जमा झालेले मी पाहिले. उरलेल्या पाचांची बिलं ट्रान्सपोर्टच्या लॉरी रिसीटशी जुळवली. त्यात एक येणं दोन वर्षं जुनं निघालं. रंग उतरला म्हणून माल परत करायचा वाद होता, आणि त्यावर तरतूद करायला लागली. रेझ्युमेत एवढं लिहायचं नाही. तिथे दोनच ओळी येतात: "टेरी टॉवेल उत्पादक कंपनी, वैधानिक ऑडिट, 2 वर्षं. डेटर्स कन्फर्मेशन, उत्तर न आलेल्यांची पर्यायी तपासणी, साठ्याची प्रत्यक्ष मोजणी." बाकीचं तोंडात तयार असलं पाहिजे. ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नाही, ती मी काढून टाकली. चौदापैकी चार कामं राहिली: हे ऑडिट, टॅक्स ऑडिट, बँक शाखा, व्हॅट ऑडिट. शिवाय रिटर्न भरणं तेवढं एका ओळीत एकत्र गेलं.

आता मी समोरच्या बाजूला बसते. "टॅक्स ऑडिटमध्ये सहभाग" असं दिसलं की मी विचारते, रिपोर्टच्या 3सीडी फॉर्ममधला कोणता क्लॉज तुम्ही स्वतः भरलात? टीडीएसचा क्लॉज 34 भरलेला मुलगा लगेच सांगतो, कुठल्या पार्टीचा टीडीएस राहिला होता आणि खर्च कसा नामंजूर होणार होता. नुसती रिपोर्टची छपाई केलेला गप्प होतो. जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, त्यामुळे फुगवण्याचा मोह वाढलेला मला दिसतो. दोन वर्षांत चारच कामं नीट झाली असतील तर चारच लिहा. मला ते कमी वाटत नाही.

आता अटेम्प्टचं. मी पुढे लिहिलं ते असं: "फायनल ग्रुप 1, नोव्हेंबर 2017, ग्रुप 2, नोव्हेंबर 2018." 'चौथा अटेम्प्ट' हे शब्द नाहीत, पण मोजणाऱ्याला मोजता येतं. त्याखाली "ऑगस्ट 2017 ते नोव्हेंबर 2018, ऑडिट असिस्टंट, त्याच फर्ममध्ये, सीझनपुरतं", आणि बँक शाखेचं काम तिथे. पहिल्याच अटेम्प्टला सुटला असाल तर ते जरूर लिहा. एखाद्या पेपरात 60 च्या वर असतील आणि तो पेपर नोकरीच्या कामाचा असेल तर तेवढा लिहा. सगळ्या पेपरांच्या मार्कांचा तक्ता नको. जिथे फॉर्ममध्ये अटेम्प्टचा रकाना असतो तिथे खरा आकडा. तिथे पर्यायच नाही.

यावर एक मुलगी मला म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगायला सोपं आहे, तुम्ही नोकरीत आहात." तिचं बरोबर आहे. काही ठिकाणी पहिल्या अटेम्प्टवाले सोडून बाकीचे आधीच बाजूला काढतात, आणि तिथे पानावरची कोणतीही मांडणी उपयोगाची नाही. महिने लिहिल्यानं मला किती ठिकाणांहून फोन आले नाहीत, हे मला कधीच कळणार नाही. 2019 मधली मी आज समोर बसली तर वाद घालेल, की निदान इंटर्व्ह्यूपर्यंत तरी पोचले होते ना? पोचले होते, हे मला नाकारता येत नाही.

शिवाय 2025 पासून फायनल वर्षातून तीनदा होते. मला पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दीड वर्ष लागलं, तुमचं ते एका वर्षात होईल. मोजणारे अटेम्प्ट मोजतील की महिने, हे मी माझ्याच टीममध्ये अजून ठरवू शकलेले नाही. गेल्या महिन्यात दोन रेझ्युमे शेजारी ठेवले होते, एक दोन अटेम्प्टचा, एक चार. चारवालीच्या पानावर बँक शाखेच्या दोन ओळी होत्या. मी तिला आधी बोलावलं. माझ्या सहकाऱ्यानं दुसऱ्याला.