पहिल्याचं माप सगळ्यांना

इन्स्टाग्रामवर एकच फोटो टाकणं सोपं असतं. तो उभा आहे की आडवा, एवढं बघितलं की काम झालं. आठ फोटो एकाच पोस्टमध्ये टाकायचे ठरले, की मात्र त्यांची आपापसात भांडणं लागतात, कारण चौकट आठांना मिळून एकच मिळते. ती कोणाच्या मापाची? जो पहिला निवडला, त्याच्या. बाकीचे सात जण आहे त्यात अंग चोरून बसतात, किंवा कापले जातात.

हा नियम आजचा नाही. सुरुवातीची काही वर्षं इन्स्टाग्रामवर सगळं चौरसच होतं. उभे-आडवे फोटो 2015मध्ये चालू लागले. फेब्रुवारी 2017मध्ये एका पोस्टमध्ये दहा फोटो टाकायची सोय आली, तीही आधी फक्त चौरसात. त्याच वर्षी पुढे उभ्या-आडव्याला परवानगी मिळाली, पण सगळ्यांचं प्रमाण एकच हवं ही अट राहिली. 2024मध्ये दहाचे वीस झाले, म्हणजे भांडणारी मंडळी वाढली, चौकट एकच. 2025पासून 3:4 हे प्रमाणही चालतं. बहुतेक फोनच्या उभ्या फोटोचं मूळ प्रमाण तेच असल्यामुळे निदान उभ्या फोटोंचं डोकं किंवा पाय आता विनाकारण जात नाहीत.

आडव्यांचं काय होतं ते एका संचावर बघू. जुन्या वर्गमित्रांच्या भेटीचे आठ फोटो आहेत. सहा उभे, दोन आडवे. आडव्यांतला एक महत्त्वाचा, कारण त्यात अकराही जण एका ओळीत उभे आहेत. दुसरा नुसत्या मांडलेल्या टेबलाचा. पोस्ट करणाऱ्यानं एक छानसा उभा फोटो पहिला निवडला, चौकट 3:4 झाली. आता फोनचा आडवा फोटो साधारण 4032 बाय 3024 पिक्सेलचा धरा. त्याची पूर्ण उंची ठेवून 3:4 कापायचं तर रुंदी उरते 2268. म्हणजे शेकडा 56 भाग राहिला, 44 गेला. ही कापाकापी मधला भाग धरून होते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी 882 पिक्सेल जातात. अकरा माणसं फोटोभर सारखी पसरली असतील तर एकेकाच्या वाट्याला 366 पिक्सेल येतात. हिशेब सरळ आहे: दोन्ही टोकांची दोन-दोन माणसं साफ गायब, आणि त्यांच्या शेजारच्याचा एक खांदा आणि कदाचित एक कान चौकटीबाहेर. अकरांतले सात उरले, त्यातलेही दोन अर्धवट.

गंमत म्हणजे हे पोस्ट करणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तो पहिल्या फोटोकडे बघत असतो, आणि पहिला फोटो तर नेमका त्याच्याच मापाच्या चौकटीत ऐटीत बसलेला असतो. गायब झालेल्या चौघांच्या मात्र लगेच लक्षात येतं.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे, तरी बहुतेक जण तो वगळतात. निवडीच्या पडद्यावर एकेका फोटोवर जाऊन तो बोटानं सरकवता येतो. चौकट बदलत नाही, पण चौकटीतून फोटोचा कोणता भाग दिसावा हे प्रत्येक फोटोसाठी वेगळं ठरवता येतं. टेबलाच्या फोटोला एवढं पुरतं. तो थोडा डावीकडे सरकवला, मधली मांडणी चौकटीत आणली, कडेची रिकामी खुर्ची गेली तर गेली. गटाच्या फोटोला याचा उपयोग शून्य. डावे दोघे वाचवायला जावं तर उजवीकडचे आणखी जातात.

मग कोणी म्हणेल, तो आडवा फोटोच पहिला निवडू. निवडा, चौकट 4:3 आडवी होईल आणि अकराही जण सुखरूप राहतील. पण आता सहा उभ्या फोटोंवर तीच वेळ येते, आणि आकडाही तोच: 3024 रुंदीत उंची राहते 2268, म्हणजे पुन्हा 44 टक्के गेले. फरक एवढाच की आता माणसं कडेनं न जाता वरून-खालून जातात. अर्ध्या अंगाचा फोटो असेल तर चेहरा वर सरकवून निभावतं. पायापासून डोक्यापर्यंत उभा माणूस असेल तर डोकं ठेवायचं की पाय, एवढंच आपल्या हातात. दोन फोटो वाचवायला सहांचा बळी देणं काही शहाणपणाचं नाही. चौरस चौकट म्हणजे दोघांनी मिळून सोसायची तोड: उभा काय, आडवा काय, प्रत्येकाचे शेकडा 25 भाग जातात. आकड्यात हे न्यायाचं वाटतं, पण ओळीतल्या अकरांमधले टोकाचे दोघे तरीही बाहेरच राहतात, आणि त्यांच्या शेजारच्यांच्या खांद्याला कात्री लागते.

खरा उपाय म्हणजे गटाचा फोटो आधीच उभ्या कागदावर चिकटवून आणणं. फोटो जुळवणाऱ्या कुठल्याही साध्या ॲपमध्ये 1080 बाय 1440 पिक्सेलचा कोरा कॅनव्हास घ्यायचा आणि आडवा फोटो त्यावर पूर्ण रुंदीत बसवायचा. तो होतो 1080 बाय 810. उरलेल्या 630 पिक्सेलच्या दोन पट्ट्या होतात, वर 315 आणि खाली 315. हे चित्र जतन करायचं आणि पोस्टमध्ये मूळ फोटोऐवजी तेच निवडायचं. इन्स्टाग्रामच्या दृष्टीनं तो आता रीतसर 3:4 उभा फोटो आहे, त्याला कापायला काही कारण नाही. किंमत एवढीच की माणसं लहान दिसतात, पण अकराच्या अकरा दिसतात. पट्ट्यांना पांढरा रंग देण्याची सवय असते. फोनवर डार्क मोड लावलेल्या माणसाला त्या पांढऱ्या पट्ट्या डोळ्यांत टॉर्च मारल्यासारख्या लागतात. फोटोतल्याच भिंतीचा किंवा आकाशाचा एखादा मवाळ रंग उचलून दिला तर पट्टी पट्टीसारखी वाटत नाही.

क्रमाचा प्रश्न इथूनच निघतो, कारण पहिला फोटो दोन कामं एकदम करतो: चौकट ठरवतो आणि दर्शनी चेहराही होतो. निवडताना ज्या क्रमानं बोट लावाल त्या क्रमाचे आकडे फोटोंच्या कोपऱ्यात पडतात. मधला तिसरा काढला की चौथा तिसरा होतो, आणि काढलेला पुन्हा घेतला तर तो थेट शेवटी जातो. पुढच्या पडद्यावर फोटो दाबून धरून इकडचा तिकडे ओढता येतो. पण चौकटीचंच माप चुकलं असेल तर ओढाओढ करत बसू नये. मागे जाऊन निवड पुसावी आणि योग्य मापाचा फोटो पहिला घेऊन नव्यानं निवडावं, हे जास्त लवकर होतं.

दुसऱ्या जागेला लोक फारसं मोजत नाहीत, आणि तिथे ते चुकतात. कोणी आपली पोस्ट बघून न सरकवता तसाच पुढे गेला, तर इन्स्टाग्राम काही वेळा तीच पोस्ट त्याला परत दाखवतं, पण दुसऱ्या फोटोपासून. त्यामुळे दुसरा फोटो म्हणजे दुसरा दरवाजा. तिथे पहिल्याच्याच क्षणाचा, जरा मान वळवलेला जुळा भाऊ ठेवणं म्हणजे ती संधी फुकट घालवणं. आपल्या संचात दुसऱ्या जागी गटाचा फोटो शोभेल. टेबल कुठेतरी सहाव्या-सातव्या जागी बसू द्या, त्याला कोणी विचारणार नाही.

फोटो आठ, पण कॅप्शन एकच, 2,200 अक्षरांपर्यंत, आणि फीडमध्ये त्याचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. प्रत्येक फोटोखाली वेगळी ओळ लिहायची सोय नाही. म्हणून लोक कॅप्शनमध्ये आकडे घालतात: तिसऱ्या फोटोत अमुक, सहाव्यात तमुक. किंवा नावं देतात, ‘डावीकडून’ असं म्हणून. हे दोन्ही प्रकार ठिसूळ आहेत. कापलेल्या फोटोखाली डावीकडून अकरा नावं आणि वर सातच चेहरे, म्हणजे तिसऱ्याला पहिल्याचं नाव मिळालं. कॅप्शन नेहमी फोटो कापून, क्रम लावून झाल्यावर, शेवटी लिहावं. आणि आकड्यापेक्षा फोटोत दिसणारी खूण सांगावी. ‘जिन्यावरचा फोटो’ म्हटलं की तो कितव्या जागी गेला तरी वाचणारा त्याला ओळखतो. नावांसाठी टॅग बरे, कारण टॅग प्रत्येक फोटोवर वेगळे लावता येतात. दृष्टिहीनांसाठीचं वर्णन, म्हणजे आल्ट टेक्स्ट, तेही प्रत्येक फोटोला वेगळं देता येतं. लाइक आणि कमेंट मात्र सगळ्या गठ्ठ्याला मिळून. ‘हा भारी!’ अशी कमेंट आली की हा म्हणजे कोणता, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. वेबवर पत्त्याच्या शेवटी `img_index=5` असं दिसतं, तो पत्ता पाठवला की समोरच्याकडे थेट पाचवा फोटो उघडतो. कोणाला एकच फोटो दाखवायचा असेल तेव्हा ते कामाला येतं.

सगळ्यात अवघड जागा प्रेक्षकांची. कोणाला दिसावं हे पोस्टला ठरतं, फोटोला नाही. अकाउंट सार्वजनिक असेल तर आठही फोटो सगळ्यांना, खासगी असेल तर आठही फक्त फॉलोअर्सना. 2023च्या अखेरीस फीडमधली पोस्टही फक्त क्लोज फ्रेंड्सना दाखवायची सोय आली, पण तीही अख्ख्या पोस्टला लागू होते. म्हणजे सात फोटो जगाला चालतील आणि एकात कोणाचं तरी लहान मूल आहे, किंवा त्या दिवशी ऑफिसात आजारपणाची रजा टाकलेला एक जण खदाखदा हसतो आहे, तर तो एक फोटो अख्ख्या पोस्टचा प्रेक्षक ठरवतो. मापाच्या बाबतीत पहिल्याची सत्ता, इथे सगळ्यात नाजूक फोटोची. त्यातून एकाच फोटोत कोणाला टॅग केलं, तरी त्या टॅगवरून येणाऱ्याला सरकवत सरकवत सगळी पोस्ट बघता येते. त्यामुळे सरळ दोन पोस्ट कराव्यात: सहा-सात फोटोंची सगळ्यांसाठी, एक-दोघांची क्लोज फ्रेंड्सना. एकाच पोस्टमध्ये सगळं कोंबण्याच्या हौसेपायी लोक एकतर सगळंच लपवतात, नाहीतर सगळंच उघडं टाकतात.

आणि पोस्ट गेल्यावर कोणी ‘माझा तो फोटो काढ’ म्हणालं, तर पोस्ट उडवायची गरज नाही. एडिटमध्ये जाऊन त्या फोटोवर थांबलं की कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याची खूण दिसते, तिच्यावर बोट ठेवलं की तेवढा एक फोटो जातो. बाकीचे फोटो, लाइक, कमेंट जागच्या जागी राहतात. चुकून भलताच गेला तर नुकत्याच डिलीट केलेल्या गोष्टींच्या यादीत तो 30 दिवस असतो, तिथून परत आणता येतो. तेवढं करून लगेच कॅप्शन पुन्हा वाचावं. पाचवा काढला असेल तर तिथे लिहिलेला सहावा आता पाचवा झालेला असतो.