जुन्या गिऱ्हाइकाला नव्याची जाहिरात दिसली तेव्हा

कोल्हापुरात आमच्या काकूंचा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. कुटणं-भाजणं त्यांच्याकडे, ऑनलाइन विक्री आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती माझ्याकडे. दोन वर्षं आमची एकच जाहिरात चालायची: डंकात पडणाऱ्या मिरच्या आणि खाली ‘पहिल्या ऑर्डरवर १५ टक्के सूट’. एके दिवशी ठाण्याहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. "अहो, चार वर्षं मी तुमचाच मसाला घेते, आणि सूट मात्र नव्या माणसांना? मी काय दुसऱ्या नंबरवरून मागवू?" बाईंनी हे चिडून नव्हे, हसत विचारलं होतं. त्यामुळे ते जास्तच लागलं.

त्या महिन्यात सवलतीचं कूपन वापरून ८६ ऑर्डरी आल्या होत्या. सगळ्यांचे फोन नंबर जुन्या ऑर्डरींशी ताडून पाहिले, तर १९ नंबर आधीचेच निघाले. म्हणजे पूर्ण भावात मसाला घेणाऱ्यांना आम्ही जाहिरातीचे पैसे खर्चून वर सूटही देत होतो.

मग गिऱ्हाइकांचे तीन गट करायला बसलो. ऑर्डरींचा तक्ता काढून नावांऐवजी फोन नंबरावर माणसं मोजली, कारण एकच बाई कधी ‘सौ. पाटील’ असते तर कधी नुसती ‘पाटील’. सगळे नंबर देशाच्या ९१ या आकड्यासकट एकसारखे लिहिले. एकूण २,४६० माणसं निघाली: एकदाच घेतलेली १,६७०, पुन्हा पुन्हा घेणारी ६२० आणि वर्षाची बेगमी एकदम करणारी मोठी १७०. हा तिसरा गट आधी मी वर्षाला ६,००० रुपयांच्या वरचा धरला होता. त्यात ७४ जणच बसले आणि जाहिरात चालेचना. या जाहिराती जिथून चालवतात त्या Ads Manager मध्ये आपली यादी चढवता येते, पण त्यातली निदान १०० माणसं फेसबुक-इन्स्टाग्रामच्या खात्यांशी जुळावी लागतात. मर्यादा ४,००० वर आणली तेव्हा कुठे गट उभा राहिला.

याद्या चढवल्यावर खरी मेख असते ती कोणाला वगळायचं यात. मोजताना प्रत्येकाला एकाच गटात धरलं होतं, पण मोठं गिऱ्हाईक पुन्हा घेणाऱ्यांतही बसतंच. म्हणून दुसऱ्या गटाच्या जाहिरातीतून तिसरा गट वगळला आणि नव्यांच्या जाहिरातीतून आजवर घेतलेले सगळेच. वेबसाइटवर खरेदी केलेली माणसं पिक्सेलमुळे, म्हणजे तिथली खरेदी फेसबुकला कळवणाऱ्या छोट्या कोडमुळे, आपोआप यादीत येतात, पण जास्तीत जास्त १८० दिवस टिकतात. वर्षातून एकदा मसाला भरणारी माणसं त्यातून केव्हाच गळून पडतात. शिवाय आमच्या निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, त्या पिक्सेलला दिसतही नाहीत. म्हणून दर सोमवारी सकाळी मी पूर्ण यादी नव्याने चढवतो. (जाहिरातीसाठी नंबर वापरू नका असं ज्यांनी कळवलंय, त्यांना जाहिरात दाखवायच्या याद्यांतून आधीच काढलेलं असतं.)

पहिल्याच आठवड्यात एक घोळ झाला. पुन्हा घेणाऱ्यांसाठी आम्ही लिहिलं होतं, ‘डबा तळाला लागला का?’ ती जाहिरात पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या पोरांना दिसू लागली. कारण मी तक्त्यातला डिलिव्हरीचा नंबर घेतला होता. ऑर्डर गावाकडची आई देते, पार्सल मुलाला जातं. पैसे भरणाऱ्याचा नंबर घेतल्यावर ते थांबलं.

पण गळती पूर्ण थांबत नाही. कोणाचं फेसबुक जुन्या नंबरावर असतं, कोणाचं नुसत्या ईमेलवर. अशी माणसं यादीशी जुळत नाहीत, म्हणून वगळलीही जात नाहीत, आणि जुन्या माणसाला नव्याची जाहिरात दिसतेच. हे कळल्यावर मी तंत्राच्या मागे लागणं सोडलं आणि मजकुराकडे वळलो. चुकीच्या माणसाच्या नजरेला पडली तरी त्याला डावललं गेल्यासारखं वाटणार नाही, अशी जाहिरात हवी होती.

नव्या माणसाची खरी अडचण किमतीची नव्हतीच. व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न वाचून काढले तर बहुतेकांचा सूर एकच: फार तिखट आहे का? म्हणून १५ टक्के सूट काढून टाकली आणि १०० ग्रॅमची चव-पुडी आणली. व्हिडिओत काकू मटकीच्या उसळीत एक चमचा मसाला घालतात आणि म्हणतात, "चौघांच्या भाजीला एवढाच. तिखट कमी खात असाल तर अर्धा." ही पुडी जुन्या बाईंना दिसली तरी त्यांचं काही बिघडत नाही. झालंच तर त्या सुनेच्या माहेरी एक पाठवतात.

पुन्हा घेणाऱ्यांना काकूंची ओळख करून द्यायची गरज नाही. त्यांची अर्धा किलोची पिशवी साधारण दोन महिन्यांत संपते, म्हणून शेवटच्या ऑर्डरीला ४५ दिवस झालेलेच त्या यादीत ठेवले. चित्र साधं: रिकामा होत आलेला डबा. मोठ्या गिऱ्हाइकांना मार्चमध्ये फक्त १० दिवस जाहिरात: संकेश्वरी आणि ब्याडगी वाळून आली आहे, यंदाच्या कांडपात तुमचे किती किलो धरू? सूट नाही, पण तिखटाचं प्रमाण आपल्या आवडीचं सांगता येतं. ही मंडळी भावासाठी येत नाहीत, मसाला आपल्या मनासारखा व्हावा म्हणून येतात. पहिल्या वर्षी ती जाहिरात मी महिनाभर चालू ठेवली होती. एवढ्या छोट्या गटात एकेकाला ती सरासरी ११ वेळा दिसली. एक काका म्हणाले, "अरे, तुझा डंक आता माझ्या स्वप्नात वाजतोय."

हिशेबाला बसलो तेव्हा पुन्हा घेणाऱ्यांच्या जाहिरातीचे आकडे इतके गोड दिसले की सगळे पैसे तिकडेच वळवावेत. पण डबा संपल्यावर ही माणसं तशीही फोन करतातच. म्हणून ६२० जणांचे फोन नंबराच्या शेवटच्या आकड्यावरून दोन भाग केले. योगायोगाने सम ३१० आणि विषम ३१० निघाले. सहा आठवडे समवाल्यांना डब्याची जाहिरात दाखवली, विषमवाल्यांना नाही. व्हॉट्सॲपचे निरोप दोघांना सारखेच. सम भागातून ९७ ऑर्डरी आल्या, विषममधून ८८. Ads Manager मात्र ७१ ऑर्डरींचं श्रेय घेत होतं. खरा फरक फार तर ९ चा, आणि तोही निव्वळ योगायोग असू शकतो, एवढ्या लहान गटांत ते सांगता येत नाही.

त्यानंतर डब्याच्या जाहिरातीचा दिवसाचा खर्च ३०० वरून ८० रुपयांवर आणला आणि उरलेले पैसे चव-पुडीला दिले. पुडी घेणाऱ्यांतले किती जण दोन महिन्यांत मोठी पिशवी मागवतात, हे आता मी वेगळ्या रकान्यात लिहितो. ठाण्याच्या बाईंनी यंदा मार्चमध्ये तीन किलो सांगितले, लवंगी जरा कमी घालून. काकूंनी त्यांचं नाव डंकाच्या वहीत हातानेच लिहून ठेवलंय, माझ्या यादीवर त्यांचा अजून विश्वास नाही.