सातवीला कबड्डी शिकवताना मी आधी पकडच काढून टाकली (माझा अनुभव)

मी नवी मुंबईत कोपरखैरणेला एका शाळेत पीटी शिकवते, सहावी ते आठवी. एका वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं, तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं जिना उतरून मैदानावर येण्यातच जातात. आमच्याकडे गावठाणातली मुलं येतात ज्यांचे काका-मामा मंडळाकडून खेळतात, आणि सेक्टरमधल्या सोसायट्यांतली पण येतात ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर बघितलीय. सगळी एकाच वर्गात.

तर चूक माझीच होती ते आधी सांगते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, सातवीला मी उत्साहात थेट घोटा कसा धरायचा ते दाखवलं, एकदा स्वतः केलं, मग म्हटलं चला आता तुम्ही. दोन मिनिटांत एक मुलगा खाली बघत सूर मारून पायावर गेला, चढाई करणाऱ्याने पाय वर घेतला आणि गुडघा ह्याच्या हनुवटीला. ओठ फुटला, समोरच्या दाताचा टवका उडाला. आई शाळेत आली, बोलली, बरोबरच बोलली. वरून निरोप आला की कबड्डी बंद, दोरीच्या उड्या घ्या.

मी पंधरा दिवस उड्या घेतल्या आणि घरी विचार करत बसले की नेमकं चुकलं कुठे. कबड्डीत मार लागतो तो बहुतेक पकडीच्या त्या एका क्षणात, आणि पकड म्हणजे सगळ्यात शेवटी शिकायची गोष्ट, मी ती सगळ्यात आधी शिकवली. उभं कसं राहायचं, सरकायचं कसं, साखळी कधी बंद करायची हे काहीच न येता मुलं पायावर पडणार म्हणजे डोकं आधी जाणार. मग मी हेडमॅडमना लिहून दिलं की अंगाला धरणं नाही, पाडणं नाही, पकडीऐवजी शेपटी ओढायची. त्या म्हणाल्या ठीक आहे, पण एकच वर्ग, मी स्वतः येऊन बघेन.

शेपटी म्हणजे जुन्या चादरीची पट्टी, साधारण ४० सेंटिमीटर लांब, चार बोटं रुंद. त्यातली १५ सेंटिमीटर ट्रॅक पँटच्या आत खोचायची, बाकीची लोंबती. चढाई करणाऱ्याला दोन शेपट्या, दोन्ही बाजूंना एकेक. बचाववाल्यांनी त्यातली एक ओढून काढली की पकड झाली, संपलं, कोणी कोणाच्या अंगावर पडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्याच तासाला दोन गोष्टी झाल्या. एकाने शेपटी नाडीला गाठ मारून बांधली, म्हणजे ती निघेचना, ओढणाऱ्याने जोर लावला तर हा फरफटत गुडघ्यावर. तेव्हापासून तास सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक शेपटी स्वतः एकदा ओढून बघते, दोन बोटांनी निघाली पाहिजे. दुसरं म्हणजे मुलं हळूच शेपटी पुढे पोटाकडे सरकवतात, मग बचाववाला तिथे वाकतो, चढाईवाला पण वाकलेलाच असतो, आणि टाळकं टाळक्यावर. आता नियम असा की शेपटी पँटच्या बाजूच्या शिलाईवरच. तिथे असली की ओढणाऱ्याला समोरून नाही, बाजूने यावं लागतं, आणि खऱ्या खेळात कोपऱ्यावरचा गडी येतो तो बाजूनेच की, त्यामुळे सवय पण बरोबर लागते.

मी आधी बचाववाल्यांना पण शेपट्या लावल्या होत्या, कारण "लागला", "नाय लागला" ह्या भांडणात अर्धा तास जायचा. पण मग चढाईवाला प्रत्येकाच्या कंबरेपाशी वाकायला लागला, परत तेच डोक्याचं. म्हणून काढल्या. आता चढाईवाल्याने उघड्या तळव्याने, बोटं जुळवून, समोरच्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत कुठेही टेकवायचं. डोकं, मान, छाती, पोट नाही, आणि कपडे ओढायचे नाहीत, कपडे-केस धरणं तसंही खऱ्या खेळात चालत नाही. बोटं पसरून मारलं तर समोरच्याच्या कोपरावर बोट उलटं वळतं, सूज येते, म्हणून जुळवून. आणि ज्याला लागला त्यानेच हात वर करायचा. पहिले चार-पाच दिवस कोणी करेना, नंतर करायला लागले, कारण आमच्यात बाद झालेला बसत नाही.

हे बसण्याचं जरा सविस्तर सांगते. खऱ्या कबड्डीत बाद झालेला बाहेर, आपल्या संघाने समोरचा मारला की तो जिवंत. वर्गात ते जसंच्या तसं केलं की जो सगळ्यात कच्चा तो पहिल्या मिनिटाला बाहेर आणि तासभर बाहेरच, म्हणजे ज्याला सरावाची जास्त गरज त्यालाच तो कमी मिळतो. आमच्यात बाद झालेला मागच्या रेषेच्या बाहेर उभा राहून पुढच्या चढाईचे आकडे मोठ्याने मोजतो, ती चढाई संपली की परत आत. खऱ्या खेळात चढाईला ३० सेकंद असतात, आमच्याकडे मोजून १२ आकडे. आकडे मोजायला पण माणूस मिळाला.

आणि एक मैदान करायचं नाहीच. मोठ्यांचं मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८, त्यात सात-सात खेळवले की माझ्याकडे ४४ पैकी ३० पोरं कठड्यावर बसून चिप्सच्या गप्पा मारतात. मी चार छोटी मैदानं आखते, ८ बाय ५, प्रत्येकात पाच विरुद्ध पाच आणि अकरावा पंच, तो बदलत राहतो. बारा मिनिटांत एका मैदानावर तीस-पस्तीस चढाया होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन तरी. आखायला फक्की म्हणून चुना देत होते, तो मी बंद केला, डोळ्यात गेला तर भाजतं, पांढरी रांगोळी वापरते. मधल्या पट्ट्यात मुलं एकमेकांत घुसू नयेत म्हणून दोन मैदानांत तीन मोठी पावलं रिकामी, आणि भिंत किंवा झेंड्याचा खांब जवळ असेल त्या बाजूला मैदान नाही. घड्याळ, कडं, कानातलं, आयकार्डाची दोरी सगळं माझ्या पिशवीत, नखं मी बघते.

आता क्रम. पहिले दोन तास स्पर्शच नाही. जोडीने समोरासमोर, एक हलेल तसं दुसऱ्याने हलायचं, पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत, सरकायचं, गुडघे थोडे वाकलेले, नजर समोरच्याच्या कंबरेवर. डोळ्यांवर नजर ठेवली तर पोरं फसतात, कंबर खोटं बोलत नाही. मग दम, कबड्डी-कबड्डी म्हणत मध्यरेषेपासून समोरच्या संघाच्या अर्ध्यात आखलेल्या निदान रेषेपर्यंत चालत जाऊन यायचं, पळायचं नाही. ज्या मुलाला दमा आहे त्याचा पंप माझ्या खिशात, त्याला दम सलग नाही, मध्ये श्वास घेतला तरी चालतो, त्याची चढाई आकड्यांवर. आणि तासाआधी शिपाईकाका मैदानावर पाणी मारतात, धुरळा कमी.

तिसऱ्या-चौथ्या तासाला दोन मीटर रुंदीच्या पट्टीत एकास एक, शेपटी आणि तळवा. इथे एक खूण बघायची. चढाईवाला स्पर्श करून परत फिरताना पाठ करून पळतो का? पाठ केली की त्याला मागचं दिसत नाही आणि पुढे रांगेत उभ्या असलेल्यांवर जाऊन आदळतो. तिरकं, एक खांदा बचावाकडे ठेवून यायचं. आणि वाट बघणारे मध्यरेषेवर नाही, दोन मीटर मागे.

मग तिघांची साखळी. बोटं अडकवून नाही, एकमेकांचं मनगट धरून, कारण साखळीला झटका बसला की अडकलेली बोटंच आधी जातात. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. कोपऱ्यावरचा एकटाच धावायचा, साखळी तुटायची, चढाईवाला मधून निसटायचा. ते सोडवलं घणसोली गावातल्या एका मुलीने. ती मंडळाकडून खेळते, वर्गात सगळ्यांपेक्षा पुढे, आणि मी तिला दोन तास पंच करून ठेवलं होतं, म्हणजे बाकीच्यांना संधी मिळेल. ती मला म्हणाली, मॅडम मी खेळायला आलेय, शिटी वाजवायला नाय. लाजच वाटली मला. तिला आत घेतलं तर पाच मिनिटांत ती साखळीतल्या दोघींना सांगत होती, मी हो बोलल्याशिवाय कोणी हलू नका, ती फिरली की मी हो बोलते, मग तिघी एकदम. बस. चढाईवाला फिरायची वाट बघायची आणि एका शब्दावर तिघांनी बंद व्हायचं. मी तीन दिवस हातवारे करून तेच सांगत होते.

तिच्यासारख्यांना चढाईला मी अटी घालते. तिचा स्पर्श निदान रेषा ओलांडल्यावरच धरायचा आणि समोर पाच जण. नवख्याला समोर तीनच, आणि नुसती निदान रेषा ओलांडून दम न सोडता परत आला तरी एक गुण. एका मुलाच्या पायात कॅलिपर आहे, त्याच्यासाठी परतीची रेषा रांगोळीने दीड मीटर पुढे काढलेली असते, त्याला तिथे पोचलं की झालं. आधी मुलं कुरकुरली, मग त्यानेच एका चढाईत दोघांना टिपलं आणि कुरकुर थांबली.

हेडमॅडम सहाव्या तासाला येऊन दहा मिनिटं उभ्या राहिल्या, जाताना फक्त विचारलं की आठवीला कधी. ज्याच्या दाताचा टवका उडाला तो मुलगा सुरुवातीला फक्त आकडे मोजायचा, मी काही बोलले नाही, तिसऱ्या आठवड्यात स्वतःच शेपट्या मागायला आला.

आठवीची मुलं आता खरी पकड मागतायत. ज्युदोच्या सहा गाद्या आहेत, त्यावर चार-चार जोड्या, दोघंही गुडघ्यांवर, फक्त कंबरेची पकड, डोकं वर आणि गाल समोरच्याच्या पाठीला टेकलेला. ज्याची हनुवटी छातीला लागलेली दिसली त्याला तिथेच थांबवते. घोटा ह्या वर्षी नाहीच. आणि ५० शेपट्या शिवल्या होत्या, काल मोजल्या तर ३७, एक सापडली ती कोणीतरी फळा पुसायला घेतली होती.